नव्या दराची सूचना आणि खालची ओळ

फवारणी पंपावरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला, तेव्हा राळेगावच्या आमच्या दुकानाच्या काचेवर मी सूचना लावली, तीही इंग्रजीत. मराठी लिहिताना चुकेन अशी मला धास्ती असायची. नवे भाव मोठ्या आकड्यांत होते. खाली एक बारीक ओळ होती: आधीच्या बुकिंगचं बिल माल देताना होईल, म्हणून त्यांनाही नवाच दर लागेल.

पंपांची गाडी यायची होती आणि बुकिंगच्या यादीत एका काकूंचा नंबर तिसरा होता. त्या आल्या नि म्हणाल्या, "पोरी, जुनी बुकिंग काट. नव्या भावात नवी लिव."

तसं करायची गरजच नव्हती, हे मला माहीत होतं. पण समोरच्याशी बोलायचं मी टाळायचे. मी जुनं नाव खोडलं आणि नवं यादीच्या शेवटी लिहिलं.

गाडीत पंप कमी आले. काकू पोचल्या तेव्हा सगळे पंप वरच्या नंबरांना गेले होते. मी खालमानेनं ती ओळ मराठीत वाचून दाखवली.

"कपाशीवर तुडतुडे बसले अन् मी हात हालवत जाऊ?" त्या म्हणाल्या. "तवाच सांगतलं असतं तं तोंड दुखलं असतं काय तुयं?"