एकरी दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं

शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झालो त्याच वर्षी गावातल्या उपसा सिंचन संस्थेचा सचिव झालो. संस्था लहान. गिरणा नदीच्या काठावर एक पंप, वर बांधावर एक हौद, हौदातून निघणारी मातीची चारी, आणि त्या चारीवर बावीस सभासदांची मिळून साठ एकर जमीन. रब्बीला सगळे गहूच पेरतात. माझं काम एवढंच, की हंगाम सुरू होताना प्रत्येक सभासदाला पत्र पाठवायचं आणि त्याच्या वाट्याला पंपाचे किती तास येतात ते समजावून सांगायचं.

आधीचे सचिव नुसता आकडा कळवायचे. मी हिशोब लिहून द्यायला लागलो, आणि त्याचा मला अभिमान होता. एका पाण्याला एकरी साधारण दोन लाख दोन हजार लिटर लागतं, म्हणजे शेतात दोन बोटांहून थोडं जास्त, पाच सेंटिमीटर. पंपावरच्या पट्टीवर लिहिलं होतं सेकंदाला वीस लिटर, म्हणजे तासाला बहात्तर हजार. भागाकार केला की एकरी दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. साठ एकरांचे होतात एकशे अडुसष्ट तास. शेतीची वीज रोज आठ तास, म्हणजे एकवीस दिवसांत पाळी फिरून येते आणि गव्हालाही तेवढ्याच अंतरानं पाणी लागतं. सगळं कसं चपखल बसायचं. ज्याचे जितके एकर तितक्यानं गुणायचं, की झालं. लोक पत्र घडी करून खिशात ठेवायचे आणि मास्तरांचा हिशोब म्हणजे हिशोब, असं म्हणायचे.

चारीच्या अगदी शेवटी एका बाईंचं दोन एकर वावर होतं. त्यांचा नवरा जळगावला डाळमिलमध्ये होता, महिन्यातून एकदा यायचा. शेती सगळी त्यांच्या अंगावर. वयानं माझ्याहून मोठ्या, म्हणून गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पाण्यानंतर त्या माझ्या घरी आल्या. हातात मुलाच्या जुन्या वहीची चार पानं होती. पंप कधी सुरू झाला, पाणी वावरात कधी आलं, कुठल्या वाफ्यापर्यंत पोचलं, सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. शेवटचे सात वाफे कोरडे राहिले होते.

"भाऊ, बठ्ठं पाणी कागदवर शे," त्या म्हणाल्या, "मन्हा वावरमा नई."

सगळं पाणी कागदावरच आहे, हे ऐकून मला राग आला, हे कबूल करतो. पण पानं खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पाटकऱ्याला, म्हणजे आमच्या पंपावर बसणाऱ्या आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला, हौद रिकामा करायला लावला. हौद दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. त्यात एक मीटर पाणी चढलं की चार हजार लिटर. सेकंदाला वीस लिटर असते तर हौद तीन मिनिटं वीस सेकंदांत भरायला हवा होता. त्याला लागली चार मिनिटं चाळीस सेकंद. आम्ही तीनदा मोजलं. पंप सेकंदाला चौदा लिटरच्या थोडंसंच वर फेकत होता. आतला पंखा झिजला होता. कधीपासून, कोण जाणे. इतकी वर्षं मी पट्टीवरचा आकडा भागत बसलो होतो आणि एकदाही हौदाजवळ घड्याळ घेऊन उभा राहिलो नव्हतो.

तिथून चारीच्या कडेनं शेवटपर्यंत चालत गेलो. हौदातून सुटलेलं पाणी अक्कांच्या वावरात पोचायला चाळीस मिनिटं लागली. मधे नाल्याजवळ चारी खचली होती. पंप थांबला, की चारीतलं उरलंसुरलं पाणी त्या खळग्यात उतरून नाल्यात जायचं. पण पाळीचं घड्याळ मात्र पंपाच्या बटणाबरोबर सुरू व्हायचं.

मी नवीन पत्र लिहायला बसलो. त्यात सगळं खरं लिहिलं. पंप आता तासाला एकावन्न हजार लिटर देतो. एकरी पूर्ण पाणी द्यायचं तर चार तास लागतील आणि पाळी तीस दिवसांवर जाईल, तोवर गहू वाळेल. म्हणून पंप दुरुस्त होईपर्यंत तास तेच राहतील, पाणी मात्र साडेतीन सेंटिमीटरच मिळेल, आणि ही तूट सगळ्यांनी सारखी सोसायची. याखाली मी एक कलम घातलं होतं. पाणी चारीतून शेतापर्यंत पोचायला लागणारा वेळ सभासदाच्या तासांत धरायचा नाही, तो संस्थेनं सोसायचा. सगळ्यांचा मिळून तो एका पाळीत आठ तास होत होता. एकशे अडुसष्टातून आठ गेले की उरतात एकशे साठ, म्हणजे एकरी दोन तास चाळीस मिनिटं. प्रत्येकाची एकरी फक्त आठ मिनिटं जाणार होती.

समितीची बैठक अध्यक्षांच्या ओट्यावर भरली. अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. त्यांची नऊ एकर जमीन हौदाला लागूनच आहे, पाणी सुटलं की दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या वाफ्यात. त्यांनी पत्र शांतपणे वाचलं आणि आठ मिनिटांना नवानं गुणलं. एक तास बारा मिनिटं. पंप खोलायचं हंगाम संपल्यावर बघू, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मग चारीवर आले. आपल्या बांधालगतची चारी ज्यानं त्यानं राखायची, हा जुना ठराव आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शेवटच्या माणसाला चारीत उरलेलं पाणी फुकट मिळतंच. मी नाल्याजवळच्या खळग्याचं सांगितलं. बाकीचे चौघे चहाच्या बश्या बघत होते. चौघांचीही जमीन वरच्या अंगाला.

"मास्तर," नाना म्हणाले, "एका बाईसाठी एकवीस जणांचे तास कापले, असं लोक म्हणतील. ते पत्रावर तुमची सही बघतील, माझी नाही."

मी कलम खोडलं. कुणी हात धरला नव्हता. पेन माझंच होतं, आणि खोडताना पट्टी लावून सरळ रेघ मारली, तेही आठवतं. त्या जागी एक गुळगुळीत वाक्य घातलं, की वीज गेल्यास पंप जितकी मिनिटं बंद राहील तितकी मिनिटं भरून दिली जातील. मला वाटलं, एवढं तरी मिळवलं.

दाणा भरायच्या दिवसांत अक्कांची पाळी आली. दोन एकरांचे पाच तास छत्तीस मिनिटं. सकाळी आठला पंप सुरू झाला. दुपारी त्यांचा निरोप आला, म्हणून मी मोटारसायकल काढून गेलो. त्या बांधावर फावडं टेकवून उभ्या होत्या. तोपर्यंत वीज दोनदा गेली होती, माझ्यासमोर तिसऱ्यांदा गेली. दरवेळी चारीतलं पाणी खळग्यात उतरायचं, नाल्यात जायचं, आणि वीज आली की पुन्हा कोरड्या चारीतून चाळीस मिनिटं. पाटकऱ्यानं पत्राप्रमाणे बंद पडलेलं मिनिट न् मिनिट भरून दिलं, त्यात त्याची काही चूक नव्हती. पण सकाळचं एक आणि नंतरची तीन अशी चार वेळा चारी भरावी लागली. दोन तास चाळीस मिनिटं चारीनंच पिऊन टाकली. शेतात पाणी चाललं दोन तास छप्पन्न मिनिटं, तेही झिजलेल्या पंपाचं. पहिला एकर कसाबसा भिजला. दुसऱ्याच्या तोंडाशी पाणी आलं आणि थांबलं.

अक्कांनी कमरेला खोचलेलं पत्र काढलं.

"मोटारनं घड्याळ बराबर व्हतं ना, भाऊ?"

"पंपाचं घड्याळ बरोबर होतं," मी म्हणालो.

"तुमना हिशोब बराबर शे. तोच तं तरास शे."

त्यांनी वाफ्याचं तोंड बुजवलं, फावडं धुतलं आणि कोरड्या एकराकडे पाठ करून घराकडे निघाल्या. मी त्याच संध्याकाळी नानांकडे गेलो आणि एक जादा दिवस मागितला. पुढची पाळी त्यांची स्वतःचीच होती. एक दिवस सरकला तर सगळ्यांचा सरकेल, पत्र तर निघून गेलंय, असं ते म्हणाले. पत्र माझंच होतं. मी परत फिरलो.

त्या एकरातला गहू चिमला. दाणा हातात घेतला तर जिऱ्यासारखा लागे. पारोळ्याच्या बाजारात तो कुणी धान्य म्हणून उचलला नाही. अक्कांनी तो कोंबड्यांना आणि बकऱ्यांना घातला.

उन्हाळ्यात पंप खोलला, नवा पंखा बसवला. हौद साडेतीन मिनिटांत भरायला लागला. ज्या कामाला हंगामात सवड नव्हती, ते दीड दिवसात झालं. मला वाटलं, आता अक्कांना जाऊन सांगावं. त्याआधीच त्यांचा अर्ज आला. सभासदत्व नको, माझं दोन एकर क्षेत्र योजनेतून कमी करावं, खाली ठसठशीत सही. मी घरी गेलो, चारी दुरुस्त करून घेतो म्हणालो, नवीन पत्रात चाळीस मिनिटांचं कलम घालतोच म्हणालो. त्यांनी मला चहा दिला. आता पावसाची बाजरी आणि कपाशी करणार, रब्बीला कांद्याच्या कामाला जाणार, असं त्या सांगत होत्या. माझ्या कलमाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

बैठकीत अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला. मग नवीन पत्र लिहायचं काम आलं. एकशे अडुसष्ट तास, क्षेत्र अठ्ठावन्न एकर. भागाकार केला. एकरी दोन तास चौपन्न मिनिटं. अक्का गेल्या आणि प्रत्येकाला एकरी सहा मिनिटं जास्त मिळाली. नानांना चौपन्न. मी ते तसंच लिहिलं, सगळ्या पायऱ्यांसह, कारण तास का वाढले हे सभासदांना कळायला हवं. चाळीस मिनिटांचं कलम पुन्हा मांडलं, तेव्हा नाना म्हणाले, आता शेवटी कोण आहे, की ज्याला त्याची गरज पडावी? खळग्याच्या पलीकडे आता कुणीच उरलं नव्हतं. या वेळी खोडायलाही लागलं नाही, कच्च्या कागदावरून पक्क्यावर ते उतरलंच नाही.

पत्र आता मोबाइलवरच्या गटात टाकतो. टाकल्याबरोबर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं यायला लागली. एकानं लिहिलं, मास्तरांमुळे पाणी वाढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गटात अक्कांचा नंबर अजून होता. पत्र त्यांनीही वाचलं होतं, नावाखाली तशी खूण दिसत होती. सभासद नसलेल्याला गटात ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि गटातून काढायचा अधिकार एकट्या माझ्याकडे आहे. मी त्यांचा नंबर काढला.