माळ्यावरच्या सात पुड्या

बी. ए. झालो आणि सांगोल्याच्या शाळेत मला हंगामी मास्तरकी मिळाली. आमच्या घराण्यात पगारी नोकरी करणारा मी पहिलाच. सोलापुरात विणकरांच्या आळीच्या तोंडाशी आमचे सुताच्या रंगांचे दुकान होते. लढाई संपून जर्मन रंगांचे डबे पुन्हा येऊ लागले होते, आणि त्या धंद्यावरच माझे शिक्षण झाले होते. पण वडिलांना मोतीबिंदूमुळे लाल आणि किरमिजी एकच दिसू लागले. मी फक्त रविवारी येणार, त्यामुळे एरवी आठवडाभर दुकान आमच्या जुन्या नोकराच्या, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांच्या हाती राहणार होते.

वडील म्हणाले, "तू शिकलास ना, मग सगळं कागदावर लिहून दे त्यांना. कोणी आडवं विचारलं तर कागद पुढं करता येईल."

मी मोठ्या हौसेने नियम लिहिले. मामांना मोडी वाचता येई, म्हणून मोडीतच. प्रत्येक रंगाला वेगळा कोरडा चमचा. तराजूचे पारडे दर वेळी पुसावे. रंगाची छटा दारात, उजेडात दाखवावी, कंदिलाच्या उजेडात नाही. जुना डबा संपल्याशिवाय नवा फोडू नये. डब्याबाहेर रंग ठेवू नये. गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवू नये.

मामांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि ते एवढेच म्हणाले, "बरं लिवलंय, धाकलं मालक." त्या "बरं" मध्ये मला काहीतरी खोट वाटली.

पहिल्याच रविवारी मी घरी आलो तेव्हा मामा जेवायला गेले होते. मी दुकानाच्या माळ्यावर चढलो. रिकाम्या डब्यांच्या मागे सात पुड्या दडवलेल्या सापडल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या सुताची गाठ. आत लाल रंग. खाली येऊन पाहिले, तर लालचा नवा डबा फोडलेला!

म्हणजे जुना डबा संपला म्हणून दाखवायचा आणि त्यातला रंग इथे दडवायचा! वीस वर्षे दुकानात असलेला माणूस, आणि पाठ फिरताच असे? डोळ्यांनी अधू मालकाला कसे कळणार? विचारले तर सांगतील काहीतरी, म्हणून विचारले नाही. पुरावा म्हणून सातही पुड्या पिशवीत घातल्या आणि वडिलांनाही न सांगता सांगोल्याची मोटार गाठली. आठवडाभर वर्गात शिकवताना माझे मन त्या माळ्यावरच होते. मामांनी आरडाओरड केली का, की गुपचूप बसले? गुपचूप बसले असतील तर चोर तेच, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पुढच्या रविवारी दुकानात शिरलो तर एक विणकर सुताच्या लडी पुढ्यात टाकून बसला होता.

"अण्णा, आठ दिवस माग बंद हाय माझा," तो मामांना म्हणत होता. "ताण्याचं अर्धं सूत रंगवलं, अर्धं पांढरं. लग्नाचं लुगडं हाय. नवा डबा हाय की समोर! दे त्यातलं."

"न्हाय देनार," मामा म्हणाले. "नव्या डब्याचा लाल जरा पिवळा मारतो. लुगड्यात पट्टा उठंल, मग शिव्या कुनाला देशील?"

"मग माझं ठेवलेलं कुटं गेलं? घरी ठेवलं तर वाफेनं गोळा होतंय, म्हनून तर तुझ्याकडं ठेवतो."

"उंदरानं नेलं आसंल," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मोठा उंदीर कोण, हे त्यांना ठाऊक होते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी पिशवी उघडली. पुड्या गल्ल्यावर मांडल्या. मामांनी निळ्या गाठीची पुडी उचलून विणकराला दिली. त्याने सुताचा तुकडा ओला करून त्यावर चिमूटभर रंग घासला आणि दारात जाऊन लडीशी धरून पाहिला. मग पुडी कमरेला खोचून तो पळालाच.

मामांनी उरलेल्या पुड्या जवळ ओढल्या. मग म्हणाले, "डबा संपत आला की ज्याचं ज्याचं काम अर्ध्यावर हाय, त्याचं आधी बाजूला काढतो मी. मग डबा संपला, असं म्हनतो. तुमच्या वडलांना म्हाईत हाय की."

"मग कागद वाचला तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी इचारलं का?"

मी दौत-टाक काढले. मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो: कोणत्या घराची कोणती गाठ, किती दिवस ठेवायचे, कोणी न्यायला आले तर आधी रंगवलेली लड दाखवायला लावायची. शेवटी ते म्हणाले, "आनि लिवा. माळ्यावर मालकानंबी नोकराला इचारून चढायचं."

ते लिहिताना मला राग आला, पण लिहिले. दुकानामागच्या घरातून वडील हसल्याचा आवाज आला.

पुढे वर्षभर, रविवारी मी निघायच्या आधी मामा शिडी लावून माळ्यावर जात आणि पुड्या मोजत. मला ऐकू येईल अशा आवाजात.