सत्तावीस अंशांचं तांबं

पनवेलच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी तात्पुरती लेक्चरर होते. नव्वदीची सुरुवात होती. कायमच्या नोकरीसाठी समितीपुढे वर्ग घेऊन दाखवायचा होता. समितीत पुण्याहून आलेले माझेच सर होते. ‘मुलगी पक्की आहे,’ असं ते आधीच सांगून बसले होते, म्हणून मी जरा जास्तच ताठ होते.

विषय आवडता: धातूतल्या व्हेकन्सी. जिथे अणू असायला हवा तिथे तो नसतो, तेवढंच. अशी एक मोकळी जागा तयार करायला लागणारी ऊर्जा स्थिरांक आणि तापमानाच्या गुणाकाराने भागायची आणि उत्तर उणे करून ‘ई’चा घातांक म्हणून ठेवायचं, की एकूण जागांपैकी किती भाग रिकामा ते मिळतं. तांब्यासाठी ऊर्जा ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हजार अंशांना, म्हणजे १२७३ केल्व्हिनला, सुमारे साडेतीन हजार जागांमागे एक रिकामी. हे मला तोंडपाठ होतं.

मग अध्यक्षांनी विचारलं, की आत्ता या खोलीत किती? सत्तावीस अंश धरा.

मी सत्तावीस टाकले. कॅल्क्युलेटरवर शून्य आलं. आणि मी, शहाणी, ठासून म्हणाले की या तापमानाला तांब्यात एकही व्हेकन्सी नसते. मागच्या बाकांवर माझेच विद्यार्थी होते. कोणीतरी खुसखुसलं.

“बर्फात ठेवलं तर?” अध्यक्ष म्हणाले.

शून्य अंश. शून्याने भागाकार. पडद्यावर नुसता एररचा ‘ई’.

“सर, बॅटरी उतरली असावी,” मी म्हणाले.

अध्यक्षांनी शांतपणे खिशातून आपला कॅल्क्युलेटर काढून दिला. मी पुन्हा सत्तावीस टाकले. त्यावरही शून्यच आलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: अंशांचे केल्व्हिन करायला २७३ मिळवायचे राहिले होते. तीनशे घेऊन अणूंच्या संख्येने गुणल्यावर उत्तर आलं, घन सेंटिमीटरला सहा कोटींहून जास्त. मी ते फळ्यावर लिहिलं. मघाशी मी या सहा कोटी जागांनाच ‘एकही नाही’ म्हणाले होते.

नोकरी दुसऱ्याला मिळणार, हे चहा येण्याआधीच कळलं.

सरांना पोचवायला एसटी स्टँडवर गेले. त्यांची पिशवी माझ्याकडे होती. पुण्याची गाडी लागत नव्हती आणि मी सारखी २७३ वरून माफी मागत होते.

“अगं, ते माझंही राहिलंय कधीतरी,” ते म्हणाले. “पण बॅटरी उतरली म्हणालीस ना, ते मला लागलं. मी तुला असं नव्हतं शिकवलं.”

मला मान वर करवेना. गाडी लागली. मी पिशवी वर चढवून देऊ लागले, तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतःच घेऊन चढले.