जाहिरातींच्या खणात बाबांचा मेसेज

बाबा घरात नाहीत हे कळलं तेव्हा मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले होते. दार सताड उघडं. त्यांचा फोन टीव्हीजवळ चार्जिंगला. चपला मात्र नाहीत. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं, स्वतःच्या बिल्डिंगचं नाव विचारलं तरी ते नुसतं हसायचे. कपडे तिथेच टाकून मी खाली धावले.

वॉचमन म्हणाला, आजोबा रिक्षात बसून गेले. कुठे, ते त्याला काय माहीत. नवऱ्याला फोन केला, तो ठाण्याला ऑफिसात. तो निघाला, आणि मला म्हणाला पोलीस चौकीत जा, फोटो घेऊन जा. मी फोनमध्ये त्यांचा फोटो शोधायला लागले.

मग आठवलं, बाबांकडे एटीएम कार्ड असतं. ते खिशात नसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून थोडेसे पैसे ठेवून एक खातं आम्ही त्यांच्यासाठी चालू ठेवलं होतं. त्या खात्याला नंबर माझा. कार्ड कुठेही वापरलं की बँकेचा मेसेज मलाच येणार, दुकानाच्या नावासकट.

आता, मेसेजचं माझं मोठं साम्राज्य होतं. दिवसभर लोन घ्या, साडी घ्या, टिटवाळ्यात फ्लॅट घ्या, या टुंगटुंगीला वैतागून मी एक मेसेजचं ॲप टाकलं होतं, ज्यात आपले नियम आपल्याला करता येतात. बँकेचा एक खण, कुरिअर आणि डिलिव्हरीचा दुसरा, जाहिरातींचा तिसरा. जाहिरातींचा आवाज बंद. नवरा चिडवायचा, घरातली कपाटं लाव आधी. पण मला फार बरं वाटायचं हो. फोन कसा शांत, शहाण्यासारखा.

बँकेचा खण उघडला. काही नाही. सगळ्यात वर माझ्याच लाइट बिलाचा मेसेज. वर खाली केलं, ॲप बंद करून उघडलं. काहीच नाही. म्हणजे कार्ड वापरलंच नाही. म्हणजे ते नुसतेच कुठेतरी रस्त्याने चाललेत. शीळफाट्याचा तो रस्ता डोळ्यांसमोर आला, ते ट्रक, आणि मी जिन्यातच बसले. मला खरंच वाटलं की संपलं सगळं.

कशामुळे सुचलं, देव जाणे. हे ॲप नियम वरून खाली तपासतं, आणि जो पहिला लागू पडेल त्याच्या खणात मेसेज टाकतं. पुढचे नियम बघतच नाही. आणि मी रागारागात सगळ्यात वर ठेवला होता जाहिरातींचा नियम: मजकुरात ‘ऑफर’ असेल तर तिकडे. बँकेचा नियम त्याच्या खाली.

जाहिरातींचा खण उघडला. न वाचलेल्यांचा ढीग. कुर्ती, पिझ्झा, परत टिटवाळ्याचा फ्लॅट, आणि मधोमध बँक. तुमचं कार्ड अमुक बुटांच्या दुकानात, कल्याण, वापरलं गेलं. आणि शेपटाला, हप्त्यांत फेडण्याची खास ऑफर. मेली ती ऑफर!

दुकान मला माहीत होतं. शाळा सुरू व्हायच्या आधी बाबा मला दरवर्षी तिथेच न्यायचे. मेसेज येऊन तासाहून जास्त झाला होता. रिक्षात बसले, नवऱ्याला कळवलं, आणि पूर्ण रस्ताभर फुटपाथवरच्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे बघत गेले. एवढ्या वेळात ते तिथून निघाले असले तर? कल्याण स्टेशन जवळ. गाडीत चढले की कुठल्या कुठे.

ते दुकानातच होते. माप घ्यायच्या स्टुलावर, मांडीवर खोका धरून. दुकानदार म्हणाला, मुलगी येतेय घालून बघायला असं सांगून बसलेत, पाणी दिलं मी. खोका उघडा होता. आत शाळेचे काळे बूट, पट्टीचे, माझ्या तळहाताएवढे.

“बाबा,” मी म्हटलं. “चला घरी.”

त्यांनी माझ्याकडे अगदी सभ्यपणे पाहिलं, अनोळखी बाईकडे बघतात तसं. खोका छातीशी ओढला.

“नाही हो ताई. माझी मुलगी यायचीय. शाळा सुटली की येईल. ती आली आणि मी नसलो तर घाबरेल ती.”

इतका वेळ मी धीर धरला होता, तो तिथे सुटला. तोंडावर ओढणी धरून रडले. मग डोळे पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

“तिनेच पाठवलंय मला,” मी म्हटलं. “घाबरलीय खूप. तुमची वाट बघतेय.”

ते लगेच उठले. मला म्हणाले, मग लवकर चला.