पिवळ्या फेट्याचे आभार

जळगाव जामोदचा फोटोग्राफर प्रल्हाद छापील आभार कधी पाठवायचा नाही. लग्नाच्या बिलासोबत तो हातानं चिठ्ठी लिहायचा, त्या घरचं नेमकं काहीतरी आठवून. मार्तंड सर हे नवं गिऱ्हाईक, नवरीचे वडील. त्यांना त्यानं लिहिलं, ‘पिवळ्या फेट्यातल्या काकांचे खास आभार. त्यांनी तुम्हा दोघा भावांना हाताला धरून आणलं, म्हणून घरच्यांचा फोटो पूर्ण झाला.’

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. “प्रल्हाद, हे काका कोन?”

“तुमचेच ना सर? सगळ्याईले हुकूम सोडून राह्यले होते.”

“आमाले वाटलं नवरदेवाकडचे. व्याह्याले इचारलं, तं ते म्हनतात, आमी तुमचेच समजलो!”

प्रल्हादचं डोकं चक्रावलं. त्यानं फोटो उघडला. फेटेवाला मधोमध हसत होता. “मंग ती ओळ गाळून दुसरी चिठ्ठी पाठवू का, सर?”



“नको. व्याह्याकडचा मानूस, त्याले नाही कसं म्हनाव, म्हनून मी भावाजवळ उभा राह्यलो. सात वर्सांच्या अबोल्यानंतर. आन त्या फेटेवाल्याले जेवला का, हे कोनी इचारलंच नाही, बे.”