पाच कुटुंबांना नमस्कार

माझा आवाज चांगला आहे हे मला कुणीतरी फार लहानपणी सांगितलं. तिथेच वाट लागली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकू असो, गणपती असो की कुणाच्या निवृत्तीचा सत्कार, माईक माझ्याच हातात. तिशीही उलटली नव्हती. केसांत अबोलीचा गजरा, हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं निवेदन आणि चेहऱ्यावर असा भाव, की मी बोलले नाही तर सूर्य मावळायचा थांबेल. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी गजरा काढायला लावीन.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या काळातली. आमच्या मैदानाच्या भिंतीला लागून रंगाचा एक छोटा कारखाना होता. एका दुपारी तिथली टाकी फुटली आणि सहा माणसं गेली. मालकाने हजेरीपटावरची पाच नावं मान्य केली. सहावा ठेकेदाराचा माणूस. तो त्या दिवशी कामावर नव्हताच, असं मालकाचं म्हणणं. जळलेला माणूस मग तिथे काय फिरायला आला होता, हे मालकाला कुणी विचारलं नाही.

शोकसभा आमच्या मैदानात ठेवली. खटपट सगळी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांची. काका मूळचे मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलेलं, संपानंतर घरी बसलेले. सरकारचे कामगार अधिकारी येणार होते. काकांचा बेत साधा होता. सहाव्याच्या बायकोने सगळ्यांसमोर उठून नवऱ्याचं नाव सांगायचं, आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनी तिथल्या तिथे उभं राहून 'होय, होता तो' म्हणायचं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यायचं. ती बाई रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत राहायची. बौद्ध कुटुंब, मूळचं जालन्याकडचं. पदरात दोन मुली. नाव लागलं तरच भरपाई.

सकाळी काका माझं निवेदन ऐकायला आले. मी उभी राहून म्हणून दाखवलं. 'काळाच्या क्रूर झंझावाताने' वगैरे. काकांनी सुपारी कातरत ऐकलं.

"पयली हाक मागच्यांका मार गो," ते म्हणाले. "पुढचे खुर्च्येर बसलेले असतत, ते खंय पळाचे नाय. मागचो उभो असता. उभो माणूस कधीय जाता."

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. नमस्कार म्हण, जय भीम म्हण, सलाम म्हण, कारण गोवंडीहून एका मयताचा म्हातारा बाप येतोय. प्रत्येकानंतर थांब. मैदानाच्या टोकाला विजेच्या खांबावर कर्णा बांधलाय, आवाज कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत येतो. तो परत आल्याशिवाय पुढचा शब्द टाकू नकोस. आणि सहा कुटुंबं म्हण. सहा.

"काका, नमस्कारात सगळे आले ना," मी म्हणाले. "तीन-तीनदा नमस्कार केला की लय तुटते."

लय! माणसं मेली होती आणि मला लयीची पडली होती.

"तुका सांगतंय ता कर," काका म्हणाले आणि खुर्च्या मोजायला गेले.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढे खुर्च्या, मग सतरंजी, सतरंजीच्या मागे उभी माणसं. सोसायटीवाले खुर्च्यांत, कारखान्याचे कामगार सतरंजीवर, वस्तीतली माणसं मागे उभी. कुणी कुणाला तसं बसवलं नव्हतं. आपोआप बसले. 'मागच्यांनी पुढे या' एवढं म्हणणं निवेदकाचं काम असतं. मला ते पुठ्ठ्यावर दिसलं नाही, म्हणून मी म्हटलं नाही.

मी सुरू केलं. "आदरणीय अध्यक्षमहोदय, सन्माननीय प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर..." व्यासपीठ म्हणजे शाळेतून आणलेली चार टेबलं. एकेका मान्यवराला मी विशेषणांची शाल घातली. मागचं वाक्य भिंतीवरून परत येईतो माझं पुढचं निघालेलं असायचं, तेव्हा मागच्या माणसांना माझे दोन-दोन आवाज एकमेकांत घुसलेले ऐकू येत असणार. "हिला कुठे गाडी पकडायचीय?" असं सतरंजीवरचा कुणीतरी म्हणाला, ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्यामुळे मी आणखी जोरात गेले. गोवंडीचा म्हातारा पहिल्या रांगेच्या कडेला टोपी सारखी करत माझ्याकडे बघत होता. 'नमस्कार' मी एकदाच म्हणाले, तोही अध्यक्षांकडे वळून.

आणि मग ते वाक्य. पुठ्ठा मी कारखान्याच्या ऑफिसातून आलेल्या कागदावरून लिहिला होता. काकांनी सकाळी सांगितलेलं त्यावर खाडाखोड करून लिहायला हवं होतं, पण अक्षर बिघडलं असतं.

"या आघाताने पोरक्या झालेल्या आपल्या पाच कुटुंबांना मी या मंचावरून..."

नेमकं तिथे मी थांबले. झोकात. त्या एकाच जागी माझा शब्द भिंतीपर्यंत जाऊन नीट परत आला. पाच कुटुंबांना.

काका टेबलाच्या बाजूला उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, मागे बघत होते. मीही बघितलं. खांबाजवळ निळ्या लुगड्यातली एक बाई होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही बाजूंना दोन मुली. तिने धाकटीला कडेवर घेतलं आणि वळली. काका माणसांमधून वाट काढत धावले. साठीचा माणूस, एक पाय अधू. ते फाटकाशी पोचले तेव्हा ती नव्हती.

कार्यक्रम झाला. पाच जणांची नावं वाचली गेली. काकांनी माईक घेऊन सहाव्याचं नाव सांगितलं, पण बायकोच नाही म्हटल्यावर सतरंजीवरचे कामगार एकमेकांकडे बघत राहिले. एक जण अर्धा उठला होता, तो पँट झटकून परत बसला. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांना अर्ज करायला सांगा," म्हणाले.

अर्ज काकांनी केला. साक्षीदार मात्र मिळाले नाहीत. शंभर माणसांत उभा राहील तो माणूस साहेबाच्या टेबलासमोर एकटा उभा राहत नाही. त्याला उद्या त्याच फाटकातून कामावर जायचं असतं. कागद वर्षभर फिरला आणि नामंजूर होऊन आला.

सभेनंतर आठवड्याने काका मला तिच्या घरी घेऊन गेले होते. मी गजरा घातला नव्हता, एवढी अक्कल तोवर आली होती. खोलीत स्टोव्ह, एक खाट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मी आत शिरताना "जय भीम" म्हणाले. तिने मान हलवली.

मी माफी मागायला सुरुवात केली. तीही वाक्यं जुळवून आणली होती, काय सांगू.

"तुमचा आवाज छान हाय बाई," ती मधेच म्हणाली. राग नव्हता. "लांबवर येतो. पाच म्हनलात ते पार खांबापाशी आलं. मला वाटलं, हितंबी मोजून झालं."

पिशवीतून तिने त्याचं ठेकेदाराने दिलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. कडा तेलकट झालेल्या.

"आता घ्या त्याचं नाव. तुमच्या त्या आवाजात. पोरी ऐकतील."

दोन्ही मुली खाटेवर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं, तोंड उघडलं. खोली दहा बाय दहाची. माझा आवाज खाटेपर्यंतही पोचला नाही.

"जरा मोठ्यानं," धाकटी म्हणाली.