न दुखणारी कावीळ

माझा थोरला भाऊ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. मी रोह्याला दवाखाना चालवते. तो आजारी पडला की पेणच्या डॉक्टरांकडे जायचा, माझ्याकडे नाही. बहिणीसमोर शर्ट काढायची लाज वाटते, म्हणायचा.

त्या दिवशी तो आणि वहिनी न कळवता दवाखान्यात आले. बाहेर तीन-चार पेशंट बसले होते, त्यांच्यात तेही बसले. दादाची पँट कमरेवर दोरीने बांधलेली होती.

"डोळं बघ गो यांचं," वहिनी म्हणाली. "गावात कावीळ उतरवणारा हाय, त्याच्याकडं नेत होते. हे म्हणाले, आधी आमच्या बायकडं जाऊ."

ट्यूबलाइटच्या उजेडात नीट समजेना, म्हणून मी त्याला बाहेरच्या ओट्यावर उन्हात नेलं. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पिवळा झाला होता.

"पोटात दुखतं का रे?"

"नाय. काहीच नाय दुखत. खाज तेवढी सुटते. आणि लघवी चहासारखी होते."

"आणि संडास?"

तो वहिनीकडे बघून ओशाळला. "शाडूसारखी. पांढरट."

मी पुढचं विचारत गेले. पेणला नुकतीच त्याला साखर निघाली होती. आमच्या घरात कुणालाच साखर नाही. गोळ्या चालू होत्या आणि पथ्यही. वजन उतरलं ते पथ्यामुळे, असं सगळे म्हणत होते. पाठ मधोमध दुखायची. आडवा झाला की जास्त, पुढे वाकून बसला की बरं वाटायचं.

"दिवसभर वाकून रंगवतो, पाठ धरणारच," तो म्हणाला.

एकेका गोष्टीला घरात एकेक कारण मिळालेलं होतं. मी त्याला टेबलावर झोपवलं. उजव्या बरगडीखाली हाताला फुगलेलं पित्ताशय लागलं. दाबलं तरी त्याला दुखलं नाही. खड्याची कावीळ असती तर बहुधा दुखलं असतं. मी हात तिथेच ठेवला. मला काही वाटलं नाही. फक्त हात लगेच काढावासा वाटेना.

दुपारीच गावातल्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांची माझी जुनी ओळख. त्यांनी बराच वेळ पोटावर यंत्र फिरवलं आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"पित्ताची नळी फुगलीय. खडा कुठे नाही. स्वादुपिंडाचं डोकं गॅसमुळे दिसत नाही. पण दिसलं नाही म्हणजे तिथं काही नाही असं धरू नका."

"सीटी?"

"स्वादुपिंडाचा, इंजेक्शन देऊन. आणि नळीत स्टेंट टाकायच्या आधी करा. नंतर चित्र बिघडतं."

हे मला माहीत होतं. तरी मी मान हलवत राहिले, नवीन काही ऐकत असल्यासारखी.

आधी रक्त तपासलं, मूत्रपिंडं इंजेक्शन झेलतील का ते बघायला. मग आम्ही नवी मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. औषध शिरेत गेल्यावर अंग गरम झालं, असं दादा बाहेर येऊन म्हणाला. एकाच औषधावर ठरावीक वेळाने दोनदा फोटो काढतात. एकात गाठ आणि आसपासच्या रक्तवाहिन्या उठून दिसतात, दुसऱ्यात यकृत.

यकृत स्वच्छ होतं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती आणि तिने आतड्याकडे जाणारी मोठी धमनी वेढली होती.

"आज ऑपरेशन होणार नाही," सर्जन म्हणाले. "दुर्बिणीला सोनोग्राफी जोडलेली असते, ती तोंडावाटे आत घालून गाठीचा तुकडा घेऊ. स्टेंट टाकून कावीळ उतरवू. मग केमो. गाठ मागे सरली तर परत बघू."

वहिनीने मला विचारलं, "म्हणजे बरं व्हतील?"

"आधी खाज थांबेल," मी म्हणाले. तेवढंच मला खात्रीने सांगता येत होतं.

खाज थांबली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. वहिनीने शेजाऱ्यांत साखर वाटली. दादा कारखान्यात जाऊन बसूही लागला, लहान मूर्तींचे दागिने रंगवायला. तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. मी तो त्याला त्याच्याच घरी, जेवण झाल्यावर सांगितला.

"तुला त्याच दिवशी कळलं व्हतं ना?" त्याने विचारलं.

"संशय होता."

"मग रडली का नाय?"

मी त्याचं ताट उचललं. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि पाठीमागे उशी सरकवून घेतली.

केमो सुरू झाली. पुढच्या सीटीत गाठ होती तेवढीच होती. त्याच्या पुढच्या सीटीत यकृतावर ठिपके आले. केमो बंद झाली, दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं. होळीनंतर, सकाळी वहिनी पेज भरवत असताना तो गेला. मी खाटेशेजारीच होते. नाडी बघितली, वेळ बघितली आणि वहिनीच्या हातातला चमचा काढून घेतला.

तेराव्यानंतर मी दवाखाना उघडला. पहिल्याच बाईला खोकला होता. मी तिची छाती ऐकली. काय ऐकलं ते मला सांगता येईना, म्हणून स्टेथोस्कोप परत लावला आणि तिला म्हणाले, "पुन्हा एकदा श्वास घ्या, सावकाश."